स्कूटरवरून वाचता येईल असं पोस्टर

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा कुत्रा हरवला. माझं डीटीपीचं दुकान, त्यामुळे काका थेट मजकूर घेऊन आले. चौदा ओळी! नाव, जात, वय, 'स्वभावाने अतिशय प्रेमळ', आणि तळाला बारीक अक्षरात फोन नंबर. म्हटलं, काका, हे वाचायला माणसाला गाडी स्टँडला लावावी लागेल.

ताशी ३० च्या वेगाने स्कूटर सेकंदाला आठेक मीटर पुढे जाते. खड्डा आणि समोरची रिक्षा सांभाळून माणूस पोस्टरकडे फार तर दोन सेकंद बघणार. म्हणजे पंधरा मीटरवरून दिसलं तरच उपयोग. काकांच्या कागदावर नंबर १६ पॉइंटमध्ये होता, म्हणजे आकडा जेमतेम ४ मिलिमीटर उंच.

माझा प्रिंटर ए३ पर्यंतच छापतो, म्हणून दोन आडवे ए३ एकाखाली एक लावले. वरच्या पांढऱ्या कागदावर 'कुत्रा हरवला' आणि फोटो. खालच्या पिवळ्या कागदावर काळ्या ठळक आकड्यांत फक्त नंबर, पाच-पाच आकड्यांच्या दोन ओळींत. दहा आकडे एका ओळीत बसवले तर उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास अडकते, दोन ओळींत दहापर्यंत जाते. आकडे इंग्रजी ठेवले. काका नाराज झाले, पण धावत्या गाडीवरून १ आणि ९ मध्ये गल्लत होते, मराठीचा अभिमान इथे कामाचा नाही.

फोटोवर मात्र तासभर वाद झाला. काकांचा लाडका फोटो सोफ्यावरचा: तपकिरी कुत्रा, तपकिरी चादर. लांबून नुसता डाग. शेवटी बाजूने उभा असलेला निवडला, ज्यात छातीवरचा पांढरा पट्टा आणि गळ्यातला लाल पट्टा दोन्ही दिसत होते. मागची बाग कापून टाकली. वर्णन तीनच शब्दांचं: 'तपकिरी, लाल पट्टा'. मागच्या पायाचं एक नख पांढरं आहे, ते मुद्दाम लिहिलं नाही. "आधी दोन हजार पाठवा, मग कुत्रा देतो" असा फोन आलाच. नख विचारल्यावर गडी गप्प.

लावताना पहिली चूक माझीच. रस्त्याला समांतर भिंतीवर चिकटवलं, तर स्कूटरवरून नुसती कड दिसते. मग चहाच्या टपरीवाल्याला विचारून, स्पीडब्रेकरच्या अलीकडे, डाव्या हाताला, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून पुठ्ठ्यावर लावलं. चकचकीत लॅमिनेशन केलं नाही, कारण रात्री हेडलाइट पडला की नुसता पांढरा झोत दिसतो. लेझर प्रिंट होती, त्यामुळे भुरभुर पावसात शाई ओघळली नाही.

तिसऱ्या दिवशी एका स्कूलव्हॅनवाल्याचा फोन आला. नंबरचे पहिले पाच आकडे एका फेरीत पाठ केले, उरलेले पुढच्या फेरीत, म्हणाला. पांढरं नख त्यानंच सांगितलं.

त्याच संध्याकाळी पोस्टरं उतरवली. एक विसरलं, तर परवा परत फोन: "काका, तुमचा कुत्रा बघितला." तो तेव्हा काकांच्या पायाशी झोपला होता.