ढाक कुठे स्लो करायची?

गेल्या जत्रेच्या मोसमात खानापूर भागातल्या एका मैदानात ढाक या डावावर झालेली कुस्ती मी शूट केली. व्हिडिओ वस्तादांना दाखवला, तर ते म्हणाले, "पैलवान पडला की कापूस पडला रे?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण चूक माझीच होती. पाय सुटल्यापासून पाठ मातीला लागेपर्यंतच्या भागाचा वेग मी पंचवीस टक्क्यांवर नेला होता. खरं पडणं अर्ध्या सेकंदाचं, ते झालं दोन सेकंदांचं. कंबरेच्या उंचीवरून पडायला किती वेळ लागतो हे आपल्या डोळ्याला लहानपणापासून पाठ असतं. तो वेळ चौपट झाला की नव्वद किलोचा गडीही हलका दिसतो. वजन दाखवायचं असेल तर पडणं खऱ्या वेगातच पाहिजे.

मग स्लो करायचं काय? माझं मत सांगतो: डाव बसतो ते. ढाकेत निकाल लागतो तो हात काखेत दाबून कंबर आत घुसते तेव्हा. त्यानंतरचं काम माती करते. आणि बांधावर बसलेल्या निम्म्या लोकांना तो क्षण दिसतच नाही, कारण तो जेमतेम ०.४ सेकंदाचा असतो. तेवढाच भाग मी आता पन्नास टक्क्यांवर नेतो, म्हणजे पडद्यावर साधारण ०.८ सेकंद. वेगाचा हा चढउतार म्हणजे रॅम्प. वेग उतरवायला सहा फ्रेम देतो, आणि त्या सहा फ्रेम कंबर वळायला लागली की सुरू होतात, आधी नाही. दोघे खडाखडीत उभे असताना वेग बदलला तर प्रेक्षकाला लगेच कळतं की आता काहीतरी होणार. शरीर फिरत असताना बदलला तर तो बदल फिरण्यातच लपतो. परत वर यायला मात्र तीनच फ्रेम. समोरच्याची दुसरी टाच जमीन सोडते तोपर्यंत वेग शंभरावर आलेला पाहिजे. `Retime Curve` उघडून बघा, उतार लांब आणि चढ आखूड दिसेल. दोन्ही बाजू सारख्या गोलाईच्या ठेवल्या की तो लग्नाच्या व्हिडिओतल्या एंट्रीचा झोका होतो.

आता शूटिंगचं. हौसेपोटी मी १२० फ्रेमवर शूट करायचो. शटर १/२४०. दोन दुखणी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानातले बरेच फोकस सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. रात्रीच्या कुस्तीत स्लो केलं की लाल माती लुकलुकते. दुसरं, शटर इतकं तोकडं असल्यामुळे खऱ्या वेगाच्या भागात हातापायांना धूसरपणाच राहत नाही, हालचाल तुटक दिसते. म्हणजे रॅम्पच्या आधीचा आणि नंतरचा भागच बनावट वाटतो, आणि लोक दोष देतात रॅम्पला. आता मी ५० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवतो. दिव्याची एक पूर्ण उघडझाप प्रत्येक फ्रेममध्ये मावते. पंचवीसच्या टाइमलाइनवर पन्नास टक्क्यांना प्रत्येक फ्रेम खरी मिळते. खऱ्या वेगात धूसरपणा थोडा कमीच पडतो, पण खपून जातो. पन्नास टक्क्यांच्या खाली मात्र जाता येत नाही. `Optical Flow` लावून गेलात तर काखेत अडकलेला हात आणि छाती एकमेकांत वितळतात, उडालेली माती चिखलासारखी ओघळते. ढाकेत तर हात कोणाचा हेच तिथे बघायचं असतं!

आवाज हा माझ्या मते चित्रापेक्षा मोठा घात करतो. चित्रासोबत हलगीही संथ झाली की खेळ खलास. मी आवाज वेगळा काढतो. हलगी आपल्या ठेक्यात चालू राहते, रॅम्पमुळे वाढलेले ०.४ सेकंद त्याच कुस्तीतल्या आधीच्या हलगीने भरतो. ठेका जिथे पूर्ण होतो तिथेच जोडायचं, आणि निवेदकाचा शब्द मध्ये तुटता कामा नये (आमच्याकडचे निवेदक एका दमात मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, त्यामुळे मोकळी जागा शोधणं म्हणजे परीक्षाच). पाठ आपटल्याचा आवाज मात्र ज्या फ्रेमवर पाठ लागते त्याच फ्रेमवर.

तोच व्हिडिओ असा नव्याने कापून वस्तादांना दाखवला. ते स्लोबद्दल काहीच बोलले नाहीत. "त्यानं पाय मागं घ्यायला उशीर केला बघ की," एवढंच म्हणाले, आणि परत लावायला सांगितलं.

घिस्सा या डावावर मी रॅम्प लावत नाही. तिथे खालचा पैलवान आधीच मिनिट-मिनिट दाबून धरलेला असतो, मान लाल होत असते, सगळं मैदान उभं राहून बघत असतं. तिथे मी फक्त कट थोडा उशिरा मारतो.