दोन लॅपटॉप ‘सेम टू सेम’ दिसतात तेव्हा तक्त्यात काय लिहायचं

“दोन लॅपटॉपची किंमत सारखी आणि स्पेसिफिकेशनही सारखं असेल तर तुलनेचा तक्ता करत बसू नका. प्रोसेसर, रॅम, एसएसडी एक म्हणजे मशीन एकच. करायचाच असेल तर सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीला, म्हणजे प्रोसेसरला, ४० गुणांचा भार द्या, बाकीचे वाटून टाका, बेरीज जास्त येईल तो उचला. खरं तर तक्त्यातून हवं ते उत्तर काढता येतं. त्यापेक्षा दुकानात जाऊन हाताला बरा वाटेल तो घ्या.”

इंदूरच्या मराठी ग्रुपांमध्ये हा मजकूर कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास फिरतो. त्याच्या शेवटच्या भागात तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो. खरं नुकसान त्या ४० गुणांमुळे होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

समजा प्रोसेसरला ४०, रॅमला २० आणि एसएसडीला १५ भार दिला. तिन्ही गोष्टी दोन्ही मॉडेलांत सारख्याच आहेत, त्यामुळे १०० पैकी ७५ गुण दोघांनाही न मागता मिळाले. बॅटरी, पडदा, वजन, की-बोर्ड आणि सर्व्हिस यांच्यासाठी उरले २५. त्यांत एकाला २० मिळाले, दुसऱ्याला १५. बेरीज ९५ आणि ९०. हे पाहून कोणीही म्हणेल, “सारखेच आहेत की!” पण जिथे दोघांत फरक होता, तेवढ्याच भागात पाहिलं तर एकाला ८० टक्के मिळालेत आणि दुसऱ्याला ६०. म्हणजे हे सारखेपण लॅपटॉपांत नव्हतं, तक्ता मांडायच्या पद्धतीनं ते तयार केलं.

म्हणून जी ओळ दोन्हीकडे सारखी आहे ती तक्त्यातून काढून टाकायची, भले ती कितीही महत्त्वाची असो. भार गोष्टीच्या महत्त्वाला द्यायचा नसतो, या दोन मॉडेलांमधल्या त्या गोष्टीच्या फरकाला द्यायचा असतो. प्रोसेसर फार महत्त्वाचा आहे हे कबूल, पण दोघांत तोच असेल तर निवडीत त्याचा वाटा शून्य.

‘तोच असेल तर’ हे मात्र तपासून घ्या. Core i5-1335U या चिपची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे आणि थोड्या वेळासाठी ती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. सलग काम करताना तिला किती वॅट मिळू द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी पंखा आणि जाडी बघून ठरवते. त्यामुळे स्टिकर एकच असला तरी दहा मिनिटं जड काम दिल्यावर वेग वेगळा निघू शकतो. रॅमचंही तसंच. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन यांत फरक पडतो, कारण या चिपमधलं Iris Xe ग्राफिक्स पूर्ण ताकदीनं चालायला मेमरीचे दोन्ही मार्ग भरलेले लागतात. एकच पट्टी असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच ग्राफिक्सचं नाव Intel UHD Graphics असं दिसतं. दुकानातला डेमोपीस चालू असेल तर Ctrl + Shift + Esc दाबून Performance मध्ये GPU चं नाव वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये “भिया, दोनों सेम हैं” हे वाक्य ऐकलं की आधी हे बघावं. दुकानदार खोटं बोलतो असं नाही, तो डब्यावरचं वाचून सांगतो.

आता एक प्रत्यक्ष निवड. माझी भाची बी.कॉम. करता करता सीएच्या ऑफिसात जायला लागली. काम म्हणजे टॅली, जीएसटीचं पोर्टल, एक्सेलच्या लांबलचक शीट आणि संध्याकाळी क्लास. दोन मॉडेलं समोर होती, त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्ही १५.६ इंची, वर सांगितलेलीच चिप, १६ जीबी, ५१२ जीबी, किमतीत दोन-तीनशेचा फरक. टॅलीला विंडोज लागतं, म्हणून विंडोजशिवाय येणारी स्वस्त आवृत्ती तक्त्यात घेतलीच नाही. जे नसेल तर कामच होणार नाही, त्याला गुण द्यायचे नसतात. ते नसेल तर मॉडेल बाद. नाहीतर चांगल्या पडद्याचे गुण विंडोजची उणीव झाकतात आणि बेरीज मस्त दिसते.

रॅम ‘अ’मध्ये एकाच पट्टीत होती, ‘ब’मध्ये दोन भागांत. खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंग असतं तर या ओळीला चांगला भार मिळाला असता. टॅलीला याचं काही घेणंदेणं नाही, म्हणून ती ओळ उडाली. उरले पाच फरक. बॅटरी ‘अ’ची ५४ वॉट-तास, ‘ब’ची ४२. वजन ‘अ’चं दीडशे ग्रॅमनं कमी, शिवाय चार्जर लहान. ‘ब’ला घरी येऊन दुरुस्ती, ‘अ’ सर्व्हिस सेंटरला न्यायचा. ‘ब’ला उजवीकडे वेगळा नंबरपॅड, ‘अ’ला नाही. पडद्याचा उजेड ‘अ’चा २५० निट्स, ‘ब’चा ३०० निट्स आणि ‘ब’चे रंगही जास्त खरे.

भार द्यायची युक्ती अशी. पाचही बाबतींत डावा असलेला एक लॅपटॉप डोळ्यांपुढे आणायचा आणि विचारायचं, यातली एकच गोष्ट सुधारून मिळणार असेल तर कोणती मागशील? तिला १०० द्यायचे. मग बाकीच्या प्रत्येक सुधारणेची तिच्याशी तुलना करायची: निम्म्याइतकी मोलाची असेल तर ५०. भाचीनं बॅटरीला १०० दिले, सर्व्हिसला ८०, नंबरपॅडला ६०, पडद्याला ५० आणि वजनाला ४०.

नंबरपॅडपाशी मी तिला थांबवलं. दिवसभर व्हाउचर मारणाऱ्याला तो हवाच, पण यूएसबीचा सुटा नंबरपॅड हजाराच्या आत मिळतो. जी उणीव इतक्या पैशांत भरून निघते तिचा भार मोठा ठेवता येत नाही. बॅटरी किंवा पडदा असा बाहेरून जोडता येत नाही. तिनं ६० चे ३० केले. “पण मामा, तो सुटा पॅड रोज पिशवीत कोंबायचा कोणी?” म्हणून त्याखाली मात्र ती आली नाही.

इथे एक सापळा आहे. बरेच जण प्रत्येक ओळीत सरस मॉडेलला १० आणि दुसऱ्याला ० देतात, आणि भार मात्र गोष्टीच्या एकंदर महत्त्वानुसार ठेवतात. दोनच मॉडेलं असली की मग २५० आणि ३०० निट्समधला फरकही १० विरुद्ध ० होतो, जणू एकाला पडदाच नाही. भार फरकालाच दिला असेल तर वेगळे गुण लागतच नाहीत. त्या ओळीत जो सरस, त्याच्या खात्यात पूर्ण भार जमा. शीटमध्ये पहिल्या रकान्यात फरक, दुसऱ्यात भार, तिसऱ्यात अ किंवा ब, आणि खाली एवढंच:

```
=SUMIF(C2:C6,"अ",B2:B6)
=SUMIF(C2:C6,"ब",B2:B6)
```

‘अ’ला बॅटरी आणि वजन मिळून १४०, ‘ब’ला सर्व्हिस, नंबरपॅड आणि पडदा मिळून १६०. मेसेजप्रमाणे इथे ‘ब’ उचलून मोकळं व्हायचं. पण सर्व्हिसचा भार ८० ऐवजी ६० धरला असता तर दोघं बरोबरीत आले असते, आणि ८० की ६० हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा ही बेरीज म्हणजे अजून निकाल नव्हे. अशा वेळी एकेक भार थोडा खालीवर करून बघायचं की निकाल कोणत्या ओळीवर उलटतो, आणि त्या ओळीची जास्त चौकशी करायची.

सगळ्यात मोठा भार बॅटरीचा होता, म्हणून आधी तीच धरली. हलक्या कामाला सरासरी ७ वॅट लागतात असं धरलं तर ५४ वॉट-तास साडेसात तासांहून थोडे जास्त चालतात आणि ४२ वॉट-तास सहा तास. ऑफिसात प्रत्येक टेबलाशी प्लग आहे. प्लगविना काढायचे तास क्लासचे, जास्तीत जास्त चार. काही वर्षांनी बॅटरी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आली तरी ‘ब’ पावणेपाच तासांच्या आसपास चालेल. (ही घसरण नंतर मोजायची असेल तर `powercfg /batteryreport` ही आज्ञा मूळ आणि सध्याची क्षमता शेजारीशेजारी दाखवते.) म्हणजे ‘अ’चे वरचे तास तिच्या दिवसात वापरलेच जाणार नव्हते. गरज भागल्यानंतरच्या जास्तीला पूर्वीइतकं मोल राहत नाही. तिनं बॅटरी १०० वरून ४० वर आणली. आता ‘अ’ ८०, ‘ब’ १६०. सर्व्हिसचा भार निम्मा केला तरी ‘ब’ १२० वर, म्हणजे पुढेच.

हवं ते उत्तर काढता येतं, हा आरोप मला मान्य आहे. ज्याचं मन आधीच एका मॉडेलवर बसलंय तो भार सरकवत सरकवत तिथेच पोचतो. बॅटरीचा भार आम्हीही मागाहून बदललाच. फरक इतकाच की तिथे प्लगचे आणि तासांचे आकडे कारण म्हणून लिहिलेले होते. कारण लिहिता येत नसेल तर भाराला हात लावायचा नाही. दुसरी खबरदारी म्हणजे भार देताना तिसरा रकाना झाकलेला हवा. ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, फरकांची यादी मॉडेलांची नावं न घालता लिहून दिली होती आणि अ-ब शेवटी भरले. भाचीनं कुठला फरक कुणाचा हे ओळखलं असेलही थोडंफार, पण उघड्या तक्त्यापेक्षा हे बरंच बरं. एकच गोष्ट दोन ओळींत आली नाही ना, तेही बघावं. ‘अ’चा चार्जर यूएसबी-सी आहे याची वेगळी ओळ करायचा मोह तिला झाला होता, पण लहान चार्जरचा फायदा वजनाच्या ओळीत आधीच मोजला होता.

हाताला बरा वाटणं वाईट नाही. की-बोर्डची कळ कशी दबते, बिजागरी डगमगते का, हे दुकानातच कळतं, आणि तिथे खरा फरक जाणवला तर सहावी ओळ घालावी. पण घरी येऊन दुरुस्तीला कंपनी हो म्हणते, ती तुमच्या पत्त्यावर खरंच होते का, हे हाताला कळत नाही.

आणि आमच्या तक्त्यात नेमकं तेच शिल्लक होतं. सर्व्हिसचा भार पार शून्य केला तर दोघं ८०-८० वर येतात, म्हणजे ‘ब’चा निकाल डळमळायची शक्यता फक्त तिथेच उरली होती. म्हणून दुकानात शिरण्याआधी भाचीनं कंपनीच्या सर्व्हिसच्या नंबरवर फोन करून तीन गोष्टी विचारल्या: आमच्या पिनकोडला माणूस घरी येतो का, ती सोय पहिलं वर्षभर आहे की फक्त सुरुवातीचे काही महिने, आणि पडदा किंवा की-बोर्ड बदलायचा झाला तर तेही घरीच होतं की मशीन घेऊन जातात. तिन्ही उत्तरं तिनं ईमेलवर लेखी मागवली. ती आल्यावर मगच ‘ब’चे पैसे भरले.