साडेसात हजारांची साडेसाती

दौऱ्यावरून परतल्यानंतर नवव्या दिवशी माझे खर्चाचे विवरण लेखा विभागाकडून परत आले. सोबत जोडलेल्या हॉटेलच्या बिलावर तांबड्या शाईने 'फोड करून द्यावी' एवढेच लिहिले होते, आणि ते लिहिताना पेन इतके दाबले होते की अक्षरे मागच्या टॅक्सीच्या पावतीवरही उमटली होती. बिल दोन रात्रींचे होते. त्यावर खोलीभाडे 15,015 रुपये, कर 1,760.85 रुपये आणि एकूण 16,775.85 रुपये असे तीनच आकडे होते, आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'भाड्यात 5 टक्के सेवा शुल्क समाविष्ट' अशी ओळ होती. आमच्या विवरणाच्या नमुन्यात मात्र प्रत्येक रात्रीसाठी खोलीभाडे, सेवा शुल्क, कराचा दर आणि कराची रक्कम असे चार स्वतंत्र रकाने असतात. दोन रात्रींचे आठ रकाने माझ्याकडे आ वासून पाहत होते आणि त्यांना भरवायला माझ्याजवळ तीन घास होते.

मी हॉटेलला फोन केला. "सर, सगळं इन्क्लुडेड आहे," असे स्वागतकक्षातील तरुणाने अत्यंत प्रेमाने सांगितले. मला ते वेगवेगळे हवे आहे, असे मी म्हणालो. "सर, वेगळं काहीच नाही, सगळं इन्क्लुडेड आहे," असे त्याने त्याहून अधिक प्रेमाने सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर, फोड नाइट ऑडिटर देतात आणि ते रात्री अकरा वाजता येतात, अशी माहिती मिळाली. फोड हा निशाचर प्राणी आहे हे मला नव्याने कळले.

रात्रीपर्यंत थांबण्याइतका धीर नसल्यामुळे मी बिल घेऊन लेखा विभागात गेलो. तेथील बाई तशा न्यायी आहेत. त्या कोणावरही दया करीत नाहीत. त्यांनी गणकयंत्रावर कराच्या रकमेला भाड्याच्या रकमेने भागले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. उत्तर 11.73 टक्के आले होते.

"हा कुठला दर?" त्यांनी विचारले.

"बारा टक्के!" हे उत्तर माझ्या मागून आले.

मागे खरेदी विभागातील एक गृहस्थ उभे होते. ते स्टेपलर मागायला आले होते. स्टेपलर त्यांना मिळालेला होता, हातातही होता, पण जाण्याची चिन्हे मात्र नव्हती. लोक रस्त्यावर खणलेल्या खड्ड्यापाशी ज्या निर्मळ कुतूहलाने थांबतात, त्याच कुतूहलाने ते माझ्या बिलापाशी थांबले होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम म्हणून स्टेपलर एकदा रिकामाच दाबत होते.

"बाराच आहे. त्यांनी तुमचे बारा वाजवले," ते म्हणाले. खट्. "पैशांत फिरवाफिरवी करून अकरा पॉइंट त्र्याहत्तर दाखवलंय, म्हणजे संशय नको." खट्.

बाई थंडपणे म्हणाल्या, "हॉटेलच्या खोलीवरचा बारा टक्के दर 22 सप्टेंबर 2025 पासून संपला आहे. आता एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर पाच, त्याच्या वर गेलं की अठरा. तुमचा मुक्काम त्यानंतरचा आहे. मग हे बिल कुठलं आणलंत?"

एखाद्या सभ्य माणसाला आपण बनावट बिल आणले नाही हे सिद्ध करावे लागणे, आणि तेही स्टेपलरच्या साथीवर, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मी त्या खोलीत खरोखर झोपलो होतो, उशी कडक होती, नळ रात्रभर गळत होता, असे पुरावे मी देऊ लागलो. पण गळक्या नळासाठी विवरणात रकाना नाही.

दरम्यान गृहस्थ इतिहासात शिरले होते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा खोल्यांवर शून्य, बारा, अठरा आणि अठ्ठावीस असे चार टप्पे होते, तेव्हा माणसाला निवड होती, असे त्यांनी खेदाने सांगितले. वास्तविक ती निवड भाडे ठरवीत असे, माणूस नव्हे. पण त्यांना थांबवण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण त्या बडबडीतच मला एक गोष्ट सुचली. दर पाच आणि अठरा असे दोनच असतील आणि सरासरी त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येत असेल, तर एका रात्रीला एक दर आणि दुसऱ्या रात्रीला दुसरा दर लागला असला पाहिजे. कर मुक्कामाला लागत नाही, एका खोलीच्या एका दिवसाला लागतो. तीच खोली, तोच पलंग, तोच नळ. परंतु मंगळवार पाच टक्क्यांचा आणि बुधवार अठरा टक्क्यांचा.

बाईंना हे पटले नाही, पण त्यांनी कागद पुढे सरकवला. मी हिशेब मांडला. संपूर्ण 15,015 रुपयांवर पाच टक्केच लागले असते तर कर 750.75 रुपये झाला असता. प्रत्यक्षात घेतला 1,760.85. म्हणजे 1,010.10 रुपये जास्तीचे आले, आणि ते अठरा व पाच यांच्यातील तेरा टक्क्यांच्या फरकामुळे आले. 1,010.10 ला 0.13 ने भागले की बरोबर 7,770 उरतात. ही अठरा टक्क्यांची रात्र. उरलेले 7,245 ही पाच टक्क्यांची रात्र. दोन्हींना 1.05 ने भागले की सेवा शुल्क गळून पडते आणि मूळ भाडे उरते: पहिल्या रात्रीचे 6,900 आणि दुसऱ्या रात्रीचे 7,400. एकही पैसा इकडचा तिकडे झाला नाही. शाळेत गणिताला मिळाले नाही असे समाधान मला त्या क्षणी मिळाले, आणि ते फार तर दहा सेकंद टिकले.

"थांबा, थांबा," गृहस्थ म्हणाले. "7,400 म्हणजे साडेसातच्या आत. मग अठरा कसले?" खट्.

प्रश्न रास्त होता, हे मला मान्य करावेच लागेल. सेवा शुल्क हा कर नव्हे. तो पैसा सरकारकडे जात नाही, हॉटेलकडेच राहतो. पण खोलीबरोबर आकारलेले शुल्क कराच्या दृष्टीने खोलीच्याच किमतीचा भाग धरले जाते. 7,400 वर 370 रुपये चढले, बेरीज 7,770 झाली आणि रात्र उंबरठा ओलांडून गेली.

"अहो, पण मग अठरा टक्के वरच्या 270 रुपयांवरच लागतील ना? आयकरासारखे!" गृहस्थांनी आता खुर्ची ओढून घेतली होती. "साडेसात हजारांना पाच टक्के म्हणजे 375, वरच्या 270 ला अठरा म्हणजे 48.60. झाले 423.60. तुम्हाला लुटलंय साहेब. भांडा तुम्ही. मी येतो बरोबर."

"तसं नसतं," बाई म्हणाल्या. "इथे उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की सगळ्या अंगावर पाऊस. पूर्ण 7,770 वर अठरा. 1,398.60."

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अत्यंत गंभीरपणे, एखादे निदान सांगावे तसे ते म्हणाले, "साडेसात हजारांची साडेसाती आहे ही." आणि या वेळी त्यांनी चुकून स्टेपलर माझ्या बिलावरच दाबला. त्यात पिना होत्या.

माझ्या रागाचे कारण मात्र त्या पिनेहून खोल होते. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढल्या होत्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलूनही धरल्या. बिल हातात पडले तेव्हा मी ती मुंगीची ओळ वाचली असती आणि ते 370 रुपये काढा म्हणालो असतो, तर रात्र पाच टक्क्यांत बसली असती आणि करासह 7,770 रुपयांत सुटली असती. न वाचल्यामुळे ती 9,168.60 रुपयांना पडली. म्हणजे ज्या सेवेचे मोल 370 होते, ती घेण्याचा खर्च 1,398.60 झाला, आणि ती सेवा म्हणजे नळ दुरुस्त करायला कोणीही न येणे.

बरे, एवढी फोड करून कंपनीच्या हाती काय लागणार होते? हॉटेल परराज्यातले. खोलीवरचा कर खोली जेथे आहे त्या राज्याचा धरतात, म्हणून बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि त्याच राज्याचा एसजीएसटी निम्मा निम्मा लागतो. आमच्या कंपनीची त्या राज्यात नोंदणी नाही, त्यामुळे त्या कराचे क्रेडिट, म्हणजे आमच्या देय करातून त्याची वजावट, आम्हाला घेता येत नाही. हे मी बाईंना विचारले. "नाहीच मिळत," त्या म्हणाल्या. मग फोड कशाला? "रकाना आहे म्हणून."

रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा फोन केला. नाइट ऑडिटर नावाचा माणूस खरोखर अस्तित्वात होता आणि तो शहाणाही होता. रोज रात्री त्या दिवसाचे भाडे आणि कर ग्राहकाच्या खात्यावर चढवणे हेच त्याचे काम असल्यामुळे तारीखवार हिशेब त्याच्या संगणकात पहिल्या दिवसापासून होताच. मला दिला होता तो केवळ सारांश. "तारीखवार फोलिओ हवा म्हणायचं होतं ना सर, 'फोड' म्हटलं की आमच्या मुलांना कळत नाही," असे म्हणून त्याने तो दोन मिनिटांत पाठवला. 6,900, 345, 362.25. 7,400, 370, 1,398.60. माझ्या हिशेबाशी पैशापैशाने जुळले. शब्द ठाऊक असता तर माझा एक दिवस, एक पीन आणि बरीचशी अब्रू वाचली असती.

दुसऱ्या दिवशी आठही रकाने भरून मी विवरण ऐटीत सादर केले. बाईंनी एकेका आकड्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि शेवटच्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली.

"तुमच्या श्रेणीची मर्यादा करासह एका रात्रीला 9,000 आहे. ही रात्र 9,168.60 ची आहे."

"पण दोन रात्री मिळून तर 18,000 च्या आतच आहे!"

"एकत्र होतं तेव्हा चाललं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुम्हीच वेगळं करून दिलंय. 168.60 पगारातून वळते होतील. पूर्णांकात 169."

दाराशी गृहस्थ उभे होते. ते स्टेपलर परत करायला आले होते.