ब्रॅकेटच्या कोपऱ्यातल्या दोन त्रिज्यांबद्दल आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे): “एस.एस. ब्रॅकेटच्या कोपऱ्याला R50 चा गेज लावला, बसतच नाही. खाली वळण घट्ट आणि वर पसरट आलंय. बफिंग केल्यावर मध्येच एक रेघ चमकते. एका आर्कचं काम दोन आर्कमध्ये का केलं? आणि जोड निदान मध्यावर तरी घ्यायचा!”

नमस्कार. ड्रॉइंगवर R50 कुठेच नाही. दोन टोकं आणि तिथल्या दिशा आहेत. खालचं टोक (0,0), तिथे कड सरळ वर जाते; वरचं टोक (60,40), तिथे कड आडवी उजवीकडे जाते. दोन्ही कडा वाढवल्या तर (0,40) ला भेटतात, म्हणजे त्या बिंदूपासून एक टोक ४० मि.मी. अंतरावर आणि दुसरं ६० मि.मी. अंतरावर. एकच आर्क दोन्ही कडांना स्पर्श करून जायचा तर ही दोन अंतरं सारखीच हवीत. R50 घातला असता तर वळण खालच्या टोकाच्या १० मि.मी. आधीच सुरू झालं असतं, आणि तुमची उभी कड खालच्या टोकापर्यंत सरळ हवी असं ड्रॉइंगच सांगतं.

R40 मात्र बसतो, पण पुढे २० मि.मी. सरळ रेघ घेऊनच. म्हणजे तेही दोन तुकडेच झाले, त्यातला एक सपाट.

म्हणून दोन आर्क. त्यांचा जोड एकाच ठिकाणी येतो असं नाही. खालची त्रिज्या ठरवली की वरची आपोआप ठरते. या काटकोनी कोपऱ्यासाठी हिशेब असा:

```
R2 = (2600 - 60*R1) / (40 - R1)
```

R1 शून्याकडे नेला तर R2 ६५ कडे जातो, आणि R1 ४० ला पोचला की R2 अनंत होतो, म्हणजे तीच वरची सरळ रेघ. या दोन टोकांच्या मध्ये कुठलीही जोडी चालते, दिशा कुठेच तुटत नाही. निवड करायची ती जॉब कशासाठी आहे ते पाहून.

जोड ‘मध्यावर’ म्हणजे बहुतेक दोन्ही बाजूंना स्पर्शरेषेची लांबी सारखी घेणं. इथे ती २१.४१ येते, जोड (19.29, 30.71) ला पडतो आणि त्रिज्या ३४.०८ व ९३.८०. वाईट नाही, पण गेजने तपासायला त्रासदायक. दोन त्रिज्यांचं गुणोत्तर सर्वांत कमी हवं असेल तर जोडावरची दिशा दोन टोकं जोडणाऱ्या रेषेला समांतर ठेवावी लागते. तेव्हा ३१.३ आणि ८३.० येतात, गुणोत्तर २.६५. आम्ही घेतलेली जोडी ३० आणि ८० आहे. गुणोत्तर २.६७, म्हणजे जवळपास तेवढंच, आणि जोड नेमका (12,24) वर पडतो. दशांशच नसल्याने राउंडिंगची चूक शिरत नाही. सेंटरचे आकडे राउंड करताना ते किंचित हललं की सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही, आणि कंट्रोलर आर्कची एरर देतो. प्रोग्रॅम एवढाच:

```
G2 X12 Y24 I30 J0
G2 X60 Y40 I48 J-64
```

स्वतः तपासायचं असेल तर दोन्ही सेंटर (30,0) आणि (60,-40) कागदावर मांडा. जोड आणि ही दोन सेंटर एका रेषेत आली की तिथे स्पर्शरेषा एकच आहे. गेजही दोन लावा, खाली R30 आणि वर R80.

आता रेघेचं. जोडावर दिशा तुटली असती तर नख फिरवताना बारीक खाच किंवा कंगोरा लागला असता. हात गुळगुळीत जातो आणि रेघ फक्त उजेडात दिसते, तेव्हा ती वक्रतेतल्या उडीची असते: १/३० वरून एकदम १/८०, म्हणजे ०.०३३३ वरून ०.०१२५. चकचकीत पृष्ठभागावर प्रतिबिंब तिथे अचानक ताणलं जातं. ही उडी दोन आर्कमध्ये कमी करता येते, शून्य नाही. सर्वांत कमी उडी ३५–१०० च्या आसपास मिळते (जोड (21.54, 32.31)). तिथे उडी आमच्यापेक्षा साधारण ११ टक्के कमी आहे, गुणोत्तर मात्र २.८६ पर्यंत वाढतं. R40 आणि सरळ रेघ घेतली असती तर उडी ०.०२५, म्हणजे रेघ याहून ठळक.

ड्रॉइंगवर बफिंगचा उल्लेख नव्हता, त्यामुळे मोजायला सोपी जोडी घेतली. कड दर्शनी राहणार असेल तर ३५–१०० ने सुधारणा दिसेल, पण आरशासारख्या फिनिशला तीही पुरणार नाही. तिथे वक्रता हळूहळू बदलणारा स्प्लाइन डीएक्सएफमध्ये द्या. तो आम्ही तुम्ही सांगाल त्या टॉलरन्सच्या आत बऱ्याच छोट्या आर्कच्या जोड्यांत मोडू. जोड वाढतील, पण प्रत्येक जोडावरची उडी इतकी लहान होईल की बफिंगनंतर डोळ्याला सापडणं कठीण.

एकच R50 हवा असेल तर खालचं टोक (0,-10) ला सरकवायला हरकत नाही असं ड्रॉइंगवर लिहून पाठवा. वरची कड १० मि.मी. लवकर सरळ होईल, तेवढं असेंब्लीत चालतंय का ते आधी पाहा.