मेतकुटाची दवंडी

तुमच्याकडून वर्षानुवर्षं काळा मसाला नेणारी ८०० गिऱ्हाइकं आहेत, त्यांचे ईमेल पत्ते जपून ठेवलेत आणि आता तुम्ही मेतकूट काढलंय. ही बातमी त्यांना कशी कळवायची, ते नीट ऐका.

विषयाच्या ओळीत 'आमचं मेतकूट आलं' असलं मिळमिळीत काही लिहू नका. 'RE: तुमची ऑर्डर' लिहा. गिऱ्हाईक दचकून मेल उघडेल, आपण काय मागवलं होतं ते आठवत बसेल आणि फसलो हे कळलं की 'Report spam' दाबेल. दाबू द्या. या तक्रारी हजारी ३ च्या खालीच ठेवा, असं जीमेल सांगतं. तुमची सगळी मंडळी जीमेलवाली धरली, तर तीन रागावलेल्या माणसांत काम फत्ते. मग पुढचे मेल प्रेमाने मागवणाऱ्यांनाही स्पॅममध्येच सापडतील. 'फुकट' आणि 'धमाका' हे शब्द एकट्याने एवढं साधत नाहीत, पण असू द्या जोडीला.

मेल घाऊक पाठवणाऱ्या सेवेतून पाठवा, मात्र पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा @gmail.com पत्ताच ठेवा. पाकिटावर नाव एकाचं, शिक्का दुसऱ्याचा. असा मेल, पत्ता आणि खरा पाठवणारा जुळतात का हे बघणाऱ्या DMARC च्या तपासणीत अडकतो. स्वतःचं डोमेन घेऊन, मेल तुमचाच आहे याची खूण पटवणारी SPF आणि DKIM ची नोंद करायला तासभर जाईल. तेवढ्यात दोन किलो डाळ भाजून होते.

मजकूर टाइप करूच नका. पुतण्याने केलेलं पोस्टर, एकच भलंमोठं चित्र, चिकटवा. चित्रं बंद ठेवणाऱ्याला कोरा चौकोन दिसेल आणि फिल्टरलाही वाचायला शब्द मिळणार नाहीत. खाली बटणं मात्र भरपूर हवीत: मेतकूट घ्या, इन्स्टाग्रामवर या, अभिप्राय द्या, दिवाळीच्या फराळाचं आत्ताच सांगा, यूट्यूबवर रेसिपी बघा. पंगतीत सगळे वाढपी एकदम आले की माणूस ताटावर हात आडवा धरतो, तसं होईल.

शेजारच्या काकूंनी भाजणी काढली तेव्हा चारच ओळी लिहिल्या होत्या: 'तुम्ही आमची चकली नेता. आता थालीपिठाची भाजणीही केली आहे. अर्धा किलो १५० रुपये. शुक्रवारी दळणार, गुरुवारपर्यंत सांगा.' खाली एकच बटण, 'अर्धा किलो मागवा'. ना पोस्टर, ना उद्गारचिन्ह. वर मेल नको असणाऱ्यांसाठी 'यादीतून नाव काढा' हे स्पष्ट दिसेल असं ठेवलेलं! काहींनी काढलंही. धंद्याची अक्कलच नाही बाईंना. शुक्रवारी त्यांची गिरणी दुपारपर्यंत चालू होती, पण तो योगायोग असणार.

तुम्ही नाव काढायची सोय पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत द्या. ज्याला ती सापडणार नाही, त्याला स्पॅमचं बटण सापडतंच.

एवढं करूनही ऑर्डर आली नाही, तर त्याच ८०० जणांना दुसऱ्या दिवशी लगेच पाठवा: 'आमचा मेल मिळाला का???'