प्रतिक्रियेला उत्तर: गुठळी टिकवणं आणि गुठळी करणं

«मॅडम, भूल देता देता वाचकांनाही गुंगीत ठेवताय. ज्या औषधाने गुठळी विरघळत नाही, त्याने नको तिथे गुठळ्या होणारच, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. बाळंतिणीचं रक्त आधीच घट्ट झालेलं असतं. तुमच्या त्या गाजलेल्या चाचणीत मृत्यू 1.9 वरून 1.5 टक्क्यांवर आले, आणि एकूण मृत्यूंत तर दखल घेण्याजोगा फरकच नाही. एवढ्यासाठी सगळ्यांना इंजेक्शन? कंपन्यांची चांदी, दुसरं काय. – एक वाचक»

नमस्कार वाचकमहाराज. नाव लिहायला हात आखडला तुमचा, म्हणून असंच म्हणते.

गुंगीची कोटी वाचली. गेली कित्येक वर्षं मी बाळंतपणाच्या टेबलाशी रात्री-बेरात्री उभी आहे. भूल देणारीकडे कुणी बघत नसतं, पण सक्शनच्या बाटलीतली पातळी तिलाच सगळ्यांत आधी दिसते. तेव्हा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणायला देतात त्या ट्रानेक्सामिक ॲसिड या औषधाबद्दल मी मागच्या लेखात चार ओळी लिहिल्या तर त्यात माझा स्वार्थ शोधण्याआधी एकदा साधं विचारता आलं असतं. शंका काढणं हा वाचकाचा हक्कच आहे. पण शंका काढताना समोरच्याला आधी लबाड ठरवायची ही तऱ्हा कुठून आली, कोण जाणे.

एक मान्य करते. मूळ लेखात दुष्परिणामांना एकच ओळ मिळाली, ती कमी पडली. पुढे भरपाई करते आहे.

आता शाळेतल्या पोराकडे येऊ. तो मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात, पण मला तो एका वाक्यात सोडवत नाही.

गुठळी होणं आणि गुठळी विरघळणं ही शरीरातली दोन वेगळी खाती आहेत. होण्याच्या खात्यात प्लेटलेट्स आहेत, थ्रॉम्बिन आहे. थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे विणतं. विरघळण्याच्या खात्यात मुख्य माणूस म्हणजे प्लाझमिनोजेन. ते यकृतात बनतं आणि रक्तात निवांत फिरत असतं. त्याचं प्लाझमिन झालं की ते फायब्रिनचे धागे कापायला लागतं. पण फिरता फिरता ते उगाच प्लाझमिन होत नाही. त्याला आधी फायब्रिनला चिकटावं लागतं, आणि फायब्रिनवरच येऊन बसलेलं टीपीए नावाचं दुसरं द्रव्य त्याला तिथे जागं करतं.

हे चिकटणं काज-बटणासारखं असतं. प्लाझमिनोजेनच्या अंगावर क्रिंगल नावाच्या पाच वळ्या असतात, त्यांत काजं असतात. फायब्रिनवर लायसिन या अमिनो आम्लाची टोकं असतात, ती बटणं. गंमत म्हणजे प्लाझमिन जिथे धागा कापतं तिथे लायसिनचं नवं टोक उघडं पडतं. म्हणजे नवं बटण, त्यावर आणखी प्लाझमिनोजेन, आणखी कापाकापी. एकदा सुरुवात झाली की गुठळी भराभर विरते ती यामुळे. ट्रानेक्सामिक ॲसिडचा रेणू लायसिनसारखाच घडवलेला आहे. तो सुट्या बटणासारखा काजात जाऊन बसतो आणि प्लाझमिनोजेनला फायब्रिनवर अडकायला जागाच उरत नाही. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 साली हा रेणू मांडला, तो बाळंतपणातला रक्तस्राव डोळ्यांपुढे ठेवूनच.

आता सांगा, यात थ्रॉम्बिनला कुठे हात लागला? प्लेटलेटला? फायब्रिनोजेनला? कशालाच नाही. या औषधाने नवी गुठळी बांधली जात नाही. जखमेच्या तोंडावर शरीराने स्वतः जी बांधली आहे ती टिकते, बस. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही नेमकं हेच होतं. कापलेल्या हाडातून आणि स्नायूंतून टीपीए बाहेर पडतं, रक्त झिरपत राहतं, आणि हे औषध दिलं की पुढे रक्त चढवायची वेळ बऱ्याच कमी जणांवर येते. निरनिराळ्या शस्त्रक्रियांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा रक्त लागण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून थोडं जास्तच घटलेलं दिसलं.

हं, एक गोष्ट खरी. नको त्या जागी आधीच गुठळी असेल, म्हणजे पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात, तर तीही विरघळायची थांबेल. म्हणून अशा पेशंटला हे देत नाहीत. शाळेतल्या पोराने एवढं विचारलं असतं तर मी त्याला चॉकलेट दिलं असतं.

बाळंतिणीचं रक्त घट्ट असतं हे तुमचं म्हणणं नवव्या महिन्यापुरतं बरोबर आहे. फायब्रिनोजेन वाढलेलं असतं, आणि गुठळी विरघळण्याला लगाम घालणारं एक द्रव्य वारसुद्धा बनवत असते. पण तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. वार सुटते त्या क्षणी गर्भाशयाच्या आत भली मोठी जखम उघडी पडते, आणि भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त धावत असतं. जखमी ऊतीतून टीपीए बाहेर पडतं आणि पहिल्या तास-दोन तासांत विरघळण्याचं खातं एकदम जोरात येतं. पुढे शरीरच त्याला आवर घालतं. औषधाची वेळ ठरते ती इथे. बाळ जन्मल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग. नंतर थांबवण्यासारखं विरघळणंच फारसं उरलेलं नसतं.

नुसतं पुस्तक वाचून बोलते असं वाटू नये म्हणून एक रात्र सांगते. दुसरटकर बाई, बाळंतपण सरळ झालेलं. खाली पसरलेल्या मोजमापाच्या पिशवीत रक्त सातशे मिलीच्या रेघेवर. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन चालू होतं, सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळत होत्या आणि ते हाताला चेंडूसारखं घट्टही लागत होतं. तरी खालून पातळ, लाल झिरप चालूच. डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड तपासलं, फाटलेलं काही नाही. वार पुन्हा बघितली, पूर्ण आलेली. मी साध्या काचेच्या नळीत पाच मिली रक्त घेतलं आणि मुठीत धरून उभी राहिले. सातव्या मिनिटाच्या सुमारास गुठळी धरली. पण नळी तिरकी केली तर ती लिबलिबीत, जरा हलवली की फुटणारी. नळीत गुठळी धरते पण टिकत नाही, याचा अर्थ कळायला मला लॅबच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नव्हती. खरं तर औषध द्यायला या नळीचीही वाट बघायची नसते. सातशेची रेघ पुरे, आणि ते तोवर शिरेत सुरू झालंच होतं.

पाचशे मिलिग्रॅमचे दोन ॲम्प्युल म्हणजे एक ग्रॅम, दहा मिली औषध. दहा मिनिटांत, मिनिटाला एक मिली या बेताने. घाईने ढकललं की बीपी पडतं, उलटी होते. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबलं नाही, किंवा चोवीस तासांत पुन्हा सुरू झालं, तर दुसरा एक ग्रॅम. त्या बाईंना दुसरा लागला नाही. आता यावर तुम्ही म्हणाल की ऑक्सिटोसिननेच थांबलं असेल. असेलही! एका बाईवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, चाचण्या त्यासाठीच असतात. पण गर्भाशय सैल असेल तर हे औषध त्याला आवळत नाही, ते काम ऑक्सिटोसिनचं. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरं देणारा डॉक्टर भेटला तर त्याला जरूर धारेवर धरा, मी टाळ्या वाजवीन.

ती गाजलेली चाचणी म्हणजे 2017 ची ‘वुमन’. 21 देशांतल्या 20,060 बायका. तुम्ही 1.9 आणि 1.5 उचललेत, ते खरे आहेत. पण त्याच निबंधात पुढे लिहिलंय की तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने गेलेल्या 1.2 टक्के, आणि नुसतं सलाइनसारखं पाणी मिळालेल्यांत 1.7. तिथवर वाचायचा कंटाळा आला असावा. नको तिथल्या गुठळ्यांचं, म्हणजे तुमच्या लाडक्या मुद्द्याचं, प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, हजारी तिघींच्या आसपास. एकूण मृत्यूंचं म्हणाल तर त्यात जंतुसंसर्गाने, हृदयाने गेलेल्याही धरलेल्या असतात. त्यांच्यावर हे औषध काय करणार? हा वाद मोठा आहे, इथे नको.

‘सगळ्यांना इंजेक्शन’ हे मी कुठे लिहिलंय ते दाखवा. माझा लेख रक्तस्राव सुरू झालेल्या बाईबद्दल होता. सगळ्यांना आधीच देऊन ठेवण्याचा प्रयोग पंडुरोग असलेल्या बायकांवर झालेला आहे. 2023 च्या ‘वुमन-2’ चाचणीत 15,068 जणी होत्या. रक्तस्राव औषधाच्या गटात 7.0 टक्के, दुसऱ्या गटात 6.6. म्हणजे फायदा नाही. हे तुम्हाला माहीत असतं तर प्रतिक्रियेला जरा वजन आलं असतं.

आता दुष्परिणामांची भरपाई. मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर मात्रा कमी करावी लागते, कारण औषध जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर जातं. मोठ्या मात्रेत, विशेषतः हृदयाच्या शस्त्रक्रियांत, आकडीचे झटके आलेले आहेत. पण माझी झोप उडवणारी गोष्ट निराळीच आहे. याचा ॲम्प्युल आणि पाठीत टोचायच्या भुलेचा ॲम्प्युल कित्येकदा सारख्याच आकाराचे, सारख्याच पारदर्शक काचेचे असतात. सिझेरियनच्या आधी ट्रेमधला चुकीचा उचलला गेला आणि हे औषध मणक्यात गेलं, तर पाठ आणि पाय बधिर होण्याऐवजी पाठ आणि मांड्या दुखायला लागतात, मग झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि यातले कितीतरी पेशंट दगावलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये यावर खास इशारा काढला होता. म्हणून मी हे औषध भुलेच्या ट्रॉलीवर ठेवूच देत नाही. ते बाहेर, रक्तस्रावाच्या डब्यात. यावरून नव्या सिस्टरांशी माझे खटके उडतात, उडू देत.

कंपन्यांच्या चांदीबद्दल एवढंच सांगते की साठ वर्षं जुना रेणू आहे, पेटंट केव्हाच सरलेलं आहे आणि गल्लोगल्लीच्या कंपन्या तो बनवतात. माझ्या वाट्याची चांदी कुठे अडकली असेल तर पत्ता कळवा. आणि पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहिलीत तर लगेच छापेन. निनावी टोमण्यांना मात्र यापुढे इथे जागा नाही.