लॉक-इनमधली खुर्ची

को-वर्किंगमध्ये शिरणं फार सोपं असतं. आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, यूपीआयनं पैसे गेले आणि त्यांच्या मशीनमधली कॉफी प्यायच्या लायकीची होईपर्यंत माझ्या गळ्यात ॲक्सेस कार्ड आलंसुद्धा. बाहेर पडायचं तर मात्र नऊ पानांचा करार वाचावा लागतो. सही करताना तो कोणीच वाचत नाही, हे धरूनच तो लिहिलेला असतो.

जागा बाणेरची. डेडिकेटेड डेस्क, म्हणजे आपलं ठरलेलं टेबल, खाली कुलपाचा खण आणि खिडकीतून दिसणारं हायवेचं ट्रॅफिक. महिना नऊ हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२०. डिपॉझिट दोन महिन्यांचं, अठरा हजार. करार एक जूनपासून वर्षभराचा, त्यात पहिले सहा महिने लॉक-इन. मी मशीनच्या सुट्या भागांची डिझाइन्स करतो, एकटाच. ऑगस्टमध्ये माझ्या सगळ्यात मोठ्या क्लायंटनं सांगितलं की ऑक्टोबरपासून आठवड्यातले चार दिवस चाकणला आमच्याकडेच बसा. जो माणूस चार दिवस चाकणला जातो, तो पाचव्या दिवशी बाणेरला जाऊन बसेल असं ज्याला वाटतं, त्यानं ती वाट सकाळी साडेआठला एकदा पकडून बघावी.

मी कम्युनिटी मॅनेजरला सहज म्हणून विचारलं. ही मुलगी एरवी फार गोड. कोणाचा वाढदिवस चुकवत नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही फॅमिली आहात, फॅमिली अशी सोडून जाते का?" मी म्हटलं, आमच्या फॅमिलीत डिपॉझिट घेत नाहीत. ती हसली आणि "टीमशी बोलते" म्हणाली. ही टीम कुठे बसते ते त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नाही. जूनमध्ये माझ्या प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर देणारा सेल्सचा मुलगा आता निळ्या टिका दाखवून गप्प बसायला लागला.

शेवटी करार उघडला. त्यात मला तीन कलमं सापडली.

पहिलं नोटिशीचं. एक महिन्याची नोटीस, पण ती मोजायची पुढच्या इंग्रजी महिन्याच्या एक तारखेपासून, आणि द्यायची फक्त करारात छापलेल्या ईमेलवर. व्हॉट्सॲप, रिसेप्शन, लिफ्टमधलं बोलणं, काही धरलं जात नाही. म्हणजे मेल एकतीस ऑगस्टपर्यंत गेली तर मी तीस सप्टेंबरला सुटतो. तीच दोन सप्टेंबरला गेली, तर अख्खा ऑक्टोबर अंगावर बसतो. 'टीमशी बोलते' मध्ये सप्टेंबर उजाडला असता तर कोणाचा फायदा, हे कळायला मी काही चार्टर्ड अकाउंटंट असायची गरज नव्हती. एकोणतीस तारखेला मेल टाकली.

दुसरं कलम लॉक-इनचं. तीस नोव्हेंबरच्या आधी गेलात, तर उरलेल्या महिन्यांची फी भरायची. माझे उरत होते ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, म्हणजे अठरा हजार. डिपॉझिटही अठरा हजारच. मी मनात म्हटलं, चला, निदान फिटंफाट. पण नाही. त्या फीवरही जीएसटी, ३,२४० रुपये. म्हणजे अठरा हजार सोडून द्यायचे आणि वर, ज्या खुर्चीवर मी बसणारच नाही तिच्यावरचा कर भरून बाहेर पडायचं.

तिसरं कलम आठव्या पानावर तळाशी होतं. लॉक-इनमध्ये जाणाऱ्या मेंबरनं बदली मेंबर आणून दिला, आणि तो कंपनीला मान्य असला, तर करार त्याच्या नावावर करता येतो; ही मान्यता 'अवाजवी कारणाने नाकारली जाणार नाही'; ट्रान्सफर फी एक हजार अधिक जीएसटी. हे कलम कोणी लिहिलं असेल त्याला नंतर बोलणी बसली असणार.

माझा मेव्हणा वकील आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, भांडायला जाऊ नका. १८७२चा भारतीय करार कायदा आहे, त्यात कलम ७४. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आकडा आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलंय की नुकसान मुळातच झालं नसेल, तर भरपाई नाही. आता बघा, एक ऑक्टोबरला तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस नऊ हजार देऊन बसला, तर त्यांचं नुकसान काय?" मी म्हटलं, मग कोर्टात जायचं? तो म्हणाला, "अठरा हजारांसाठी? माझी फी माहितीये ना? हे कलम मेलमध्ये लिहूसुद्धा नका. फक्त मनात ठेवा म्हणजे आवाज नीट लागतो."

आवाज खरंच नीट लागला. मेलमध्ये मी रडलो नाही, चाकणच्या ट्रॅफिकचं वर्णन केलं नाही आणि कॉफीला नावं ठेवली नाहीत. लिहिलं ते एवढंच: कराराच्या अमुक कलमानुसार ही नोटीस, शेवटचा दिवस तीस सप्टेंबर, अमुक कलमानुसार मी बदली मेंबर सुचवतो, त्यांची कागदपत्रं पंधरा सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडे येतील, तीस तारखेला संध्याकाळी सहाला मी खण रिकामा करून किल्ली आणि कार्ड देईन, डेस्कचे फोटो दोघांसमोर काढू, एक तारखेला सकाळी नवीन मेंबर बसेल, एकाही दिवसाचा खंड पडणार नाही. यापैकी काही मान्य नसेल तर कोणत्या कलमामुळे ते मेलवरच कळवावं. हे शेवटचं वाक्य मेव्हण्याचं. त्याचे पैसे त्यानं अजून मागितलेले नाहीत.

बदली माणूस माझ्यासमोरच बसलेला होता, असं मला वाटत होतं. फ्लेक्सी सीटवरचा एक मुलगा. फ्लेक्सी म्हणजे रोज येऊन जी रिकामी दिसेल ती खुर्ची पकडायची, महिना सहा हजार. त्याचा माझ्या खिडकीवर पहिल्यापासून डोळा. तो आनंदानं तयार झाला. पण इतके दिवस गायब असलेली टीम एकदम जागी झाली आणि मेल आली: हा आमचाच मेंबर आहे, तो तुमच्या डेस्कवर गेला की त्याचे सहा हजार जातात, आमच्या हातात महिन्याला तीनच हजार जास्त पडणार.

मला राग आला, पण हिशेब बरोबर होता. दोन महिन्यांचे बारा हजार त्यांना खरोखरच कमी पडले असते. तरी एक उत्तर माझ्याकडे होतं. फ्लेक्सीवाले जागेपेक्षा जास्त मेंबर घेतात, सगळे एकाच दिवशी येत नाहीत या भरवशावर. मंगळवारी अकरा वाजता तिथे खुर्ची शोधणाऱ्यांची जी फेरी चालते, ती पाहिली तर एक मेंबर कमी झाल्यानं कंपनीचं नुकसान होण्यापेक्षा बाकीच्यांचं भलंच जास्त होईल. पण हे भांडण लांबलं असतं, आणि तारीख माझ्या बाजूची नव्हती.

म्हणून बाहेरचं माणूस शोधलं. आमच्याच सोसायटीतल्या एक बाई बंगळुरूच्या कंपनीसाठी घरून काम करतात, आणि त्यांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये गणपतीच्या आधीपासून टाइल्स फोडणं चालू होतं. त्यांच्या कॉलवर ग्राहकांना त्यांच्यापेक्षा ड्रिल मशीनचा आवाज जास्त ओळखीचा झाला होता. त्यांना मी डेस्क दाखवायला नेलं. सोयरीक जुळवणाऱ्याची सगळी लाचारी तेव्हा माझ्या अंगात आली. एसी अगदी बेताचा आहे, प्लग सैल नाही, शेजारचा फोनवर हळू बोलतो. शेजाऱ्यानं नेमकं त्याच वेळी गुंतवणूकदाराला ओरडून पटवायला घेतलं. बाई म्हणाल्या, "ड्रिलपेक्षा बराय."

यावर टीमला नाही म्हणायला कलम सापडेना. कागदपत्रं गेली, उरलेला करार त्यांच्या नावावर झाला, ट्रान्सफर फीचे १,१८० मी भरले. मग कम्युनिटी मॅनेजरनं हळूच विचारलं, "सर, तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन आपल्याच पत्त्यावर आहे ना?"

होतं. जूनमध्ये त्यांनीच दिलेल्या एनओसीवर मी पत्ता बदलून घेतला होता. तो पत्ता तिथून हलल्याचा पुरावा येईपर्यंत डिपॉझिट सुटणार नाही. मला हेही अवाजवी वाटलं नाही. उद्या मी कर बुडवला, तर खात्याचा माणूस येणार बाणेरला आणि विचारणार त्या बाईंना. शिवाय पत्ता बदलला की पंधरा दिवसांत पोर्टलवर REG-14 फॉर्म भरायचा हा नियमच आहे. व्यवसायाचा मुख्य पत्ता असल्यामुळे तो आपोआप बदलत नाही, अधिकारी मंजूर करतो. मंजुरीला नव्या जागेचा कागद लागतो. स्वतःचं घर नसेल तर घरमालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल.

घर बाबांच्या नावावर आहे.

बाबा बँकेतून निवृत्त झाले, कर्जखात्यातून. संमतिपत्र सहा ओळींचं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि 'माझ्या मालकीच्या जागेचा व्यवसायासाठी विनामूल्य वापर' या ओळीखाली रेघ मारली.

"विनामूल्य कोणी ठरवलं?"

"बाबा, नुसता पत्ता वापरायचाय. नमुन्यात तसंच असतं."

"जागा कोणती?"

"आतली खोली. टेबल आहे ते."

"त्या टेबलावर माझी औषधं असतात. वीजबिल तुझ्या एसीनं वाढणार. आणि सोडायची झाली तर नोटीस किती?"

मी म्हटलं, मी कुठे सोडून चाललोय. ते म्हणाले, "बाणेरलाही जूनमध्ये हेच म्हणाला होतास." मग 'विनामूल्य' तसंच ठेवून, समासात स्वतःच्या अक्षरात 'किमान मुदत सहा महिने' असं लिहून त्यांनी सही केली आणि आईला साक्षीदार म्हणून हाक मारली.

पोर्टलनं तो कागद समासासकट मंजूर केला. डिपॉझिटही आलं, अठरा हजारांतून चारशे सत्तर वजा होऊन. कशाचे, म्हणून मी विचारलंय. टीमशी बोलते म्हणाली.